नवा प्रोफाइल फोटो, त्याखालची एक ओळ आणि न सांगायची गोष्ट

कोरी_पाटी

नमस्कार. प्रश्न एका ओळीचा आहे, पण त्यामागची परिस्थिती सांगितल्याशिवाय तो नीट कळणार नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

फेसबुकवर माझा प्रोफाइल फोटो गेली सहा वर्षे एकच आहे, आणि तो आम्हा दोघांचा आहे. सात महिन्यांपूर्वी आम्ही परस्परसंमतीने वेगळे झालो. कटुता नाही, आणि घरच्यांना व जवळच्या मैत्रिणींना सर्व ठाऊक आहे. मात्र माझ्या यादीत जवळपास चारशे माणसे आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना काहीच माहीत नाही. ज्यांच्यापासून मी वेगळी झाले तेही यादीत आहेत आणि त्यांची बहीणही आहे. आता मला माझा एकटीचा फोटो लावायचा आहे. आयुष्याचा नवा टप्पा सुरू झाला आहे एवढे त्यातून समजावे, पण जाहीर निवेदन केल्यासारखे वाटू नये, असे मला वाटते.

फोटो साधा आहे. नव्या घरातल्या खिडकीशी मी जमिनीवर बसले आहे, केस वर बांधलेले आहेत, डाव्या गालावर सकाळचे ऊन आहे आणि मागे अर्धवट उघडलेली तीन खोकी दिसतात. एका खोक्यातून टेबललॅम्पची मान बाहेर आलेली आहे. आतापर्यंत लिहून पाहिलेल्या ओळी अशा:

«एक प्रवास संपला, नवा सुरू.»
«नवी सुरुवात...»
«आता फक्त स्वतःसाठी.»

तिन्ही लिहिल्या तेव्हा बऱ्या वाटल्या आणि दुसऱ्या दिवशी वाचल्यावर नकोशा झाल्या. नेमके काय खटकते ते मात्र मला सांगता येत नाही.

निवांत

माझे मत असे, की काहीच लिहू नये. फोटो बदलणे ही रोजची गोष्ट आहे. ओळ लिहिली की त्या बदलाला महत्त्व येते, आणि ओळ नसेल तर लोक अंगठा दाखवून पुढे जातात. मी आजवर प्रत्येक फोटो ओळीविनाच लावला आहे आणि मला कधीही कोणी काही विचारलेले नाही.

छायाप्रकाश

फोटोबद्दल विचारले आहे म्हणून सांगतो. प्रोफाइल फोटो गोलात दिसतो, त्यामुळे कडेचे सगळे कापले जाते. तुम्ही जमिनीवर बसलेल्या आहात, म्हणजे चेहरा चौकटीत लहान असणार. खिडकीकडे थोडे वळून, खांद्यापासून वरचा भाग येईल असा दुसरा फोटो काढा. ऊन एका गालावर पडले की दुसरा गाल काळवंडतो, तेव्हा त्या बाजूला पांढरी चादर किंवा मोठा पांढरा कागद धरायला कोणाला तरी सांगा. मागची खोकी तर काढूनच टाका, त्यांच्याकडे उगाच लक्ष जाते.

कोरी_पाटी

@छायाप्रकाश, धन्यवाद, पण फोटो ठरलेला आहे. मी विचारते आहे ती त्याखाली लिहायची ओळ. गोलात खोकी कापली जातील ही गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली नव्हती.

जुना_उपसंपादक

मी बरीच वर्षे वृत्तपत्रात फोटोओळी लिहिण्याचे काम केले. त्या कामात सर्वांत आधी शिकवले जाते ते हे, की वाचक आधी चित्र पाहतो, मग ओळ वाचतो आणि मग पुन्हा चित्राकडे वळतो. ओळीचा खरा परिणाम त्या दुसऱ्या नजरेत होतो. तुमच्या बाबतीत आणखी एक चित्र मधे येते, ते म्हणजे जुना फोटो. चारशेपैकी ज्यांना तो आठवतो, त्यांच्या मनात दोघांचा फोटो जाऊन एकटीचा आला, ही नोंद आपोआप होणार. बातमी फोटोनेच दिलेली आहे. ओळीने ती पुन्हा दिली तर ती दुप्पट मोठी होते, आणि तुमच्या तिन्ही ओळींत नेमके तेच घडते आहे.

पहिल्या ओळीतला «संपला» हा शब्द पाहा. क्रिया पूर्ण झाल्याचे सांगणारे क्रियापद दार लावल्याचा आवाज करते. ऐकणाऱ्याचा पुढचा प्रश्न एकच असतो: काय संपले? दुसऱ्या ओळीत शब्द निरुपद्रवी आहेत, पण पुढचे तीन ठिपके आहेत. आपल्याकडे ठिपक्यांचा अर्थ «आणखी बरेच आहे, पण सांगत नाही» असा घेतला जातो. म्हणजे तुम्हाला जे टाळायचे आहे त्याकडेच ते बोट दाखवतात. तिसरी ओळ सर्वांत अवघड आहे. «आता» म्हटले की पूर्वी तसे नव्हते असे निघते, «फक्त» म्हटले की पूर्वी वाटेकरी होता असे निघते, आणि «स्वतःसाठी» म्हटले की तो वाटेकरी सगळे घेऊन जात होता असे निघते. तुमच्या मनात तक्रार नाही असे तुम्ही म्हणता आणि मी ते खरे मानतो, पण ही ओळ ते वाचतील तेव्हा त्यांना तक्रार दिसेल, त्यांच्या बहिणीला तर नक्कीच दिसेल. दुसऱ्या दिवशी तुम्हाला जे नकोसे झाले ते बहुधा हेच असावे.

असे शब्द थोडेच आहेत आणि ते ओळखून ठेवण्यासारखे आहेत. «अखेर» या शब्दामागे सोसल्याची गोष्ट असते. «पुन्हा» म्हटले की मधे काहीतरी तुटले होते असे कळते. «मीच» मधला «च» कोणाला तरी उत्तर देत असतो. शब्द वाईट नाहीत, पण प्रत्येकाच्या पोटात एक न लिहिलेले वाक्य असते आणि वाचक ते वाचतो.

@निवांत यांचा सल्ला निम्मा बरोबर आहे. फोटोंमधला फरक लहान असेल तर ओळ नसणेच उत्तम. पण दोघांच्या जागी एकटी आली आणि खाली काहीच नाही, तर ती रिकामी जागा लोक स्वतः भरतात, आणि ते बहुधा काळजीने भरतात: «सगळे ठीक आहे ना?» हा प्रश्न प्रतिक्रियांमध्ये सर्वांसमोर येतो.

निवांत

काळजीने कोणी विचारले तर त्यात वाईट काय आहे, हे मला समजलेले नाही. तरीही, माझे फोटो नेहमी माझ्या एकट्याचेच होते, त्यामुळे माझा अनुभव इथे लागू पडत नसेल हे मान्य करतो.

सावकाश

मी वेगळ्या कारणाने याच प्रश्नातून गेलो आहे. दीड वर्षापूर्वी माझे दीर्घ उपचार झाले आणि केस पूर्ण गेले. ते संपल्यावर मी फोटो लावला आणि खाली «लढाई जिंकलो» असे लिहिले. अडीचशेच्या आसपास शुभेच्छा आल्या, आणि त्या वेळी फार बरे वाटले. चार महिन्यांनी उपचार पुन्हा सुरू करावे लागले. त्यानंतर ज्यांनी अभिनंदन केले होते त्यांना एकेकाला समजावून सांगणे हेच एक काम होऊन बसले, आणि काहींना तर मी सांगूच शकलो नाही. ते अजूनही भेटले की जिंकल्याबद्दल बोलतात आणि मी ऐकून घेतो.

पूर्ण झालेल्या क्रियेबद्दल @जुना_उपसंपादक यांनी लिहिले ते वाचून मला हे सांगावेसे वाटले. «जिंकलो» हे क्रियापद मी माझ्या हातात नसलेल्या गोष्टीबद्दल वापरले. आता केस परत येत आहेत आणि मला फोटो बदलायचा आहे, पण ओळ लिहिण्याचा धीर होत नाही.

तिसरा_मजला

माझेही असेच झाले होते. चौदा वर्षांची नोकरी सोडल्यावर मी «मोकळा श्वास» असे लिहून फोटो लावला. माझ्या डोक्यात सुट्टी होती. दोन तासांत जुन्या साहेबांचा निरोप आला, की आमच्याकडे तुमचा श्वास कोंडत होता का. मी ओळ काढून टाकली, पण तोपर्यंत सहकाऱ्यांनी खाली हसरे चेहरे टाकून ठेवले होते आणि त्यांचा अर्थ साहेबांनी लावायचा तसाच लावला. हे लिंक्डइनवर घडले असते तर आणखी अवघड झाले असते. माझा अनुभव एवढाच सांगतो, की जिथून बाहेर पडलो ती माणसे यादीत असतील, तर ओळ त्यांच्या डोळ्यांनी एकदा वाचावी.

स्पष्टवक्ती

मला या सगळ्या चर्चेत एक गोष्ट खटकते आहे आणि ती मी सरळ मांडते. तुम्ही वेगळे झाला आहात, यात लपवण्यासारखे काहीही नाही. मग ओळीत आडून का सुचवायचे? «आम्ही सामंजस्याने वेगळे झालो आहोत, दोघेही ठीक आहोत» असे दोन वाक्यांत लिहिले तर कोणी तर्क करणार नाही. आडून सुचवणे हीच खरी लक्ष वेधण्याची रीत आहे, असे माझे मत आहे.

कोरी_पाटी

@स्पष्टवक्ती, तुमचे म्हणणे मी दोन वेळा वाचले. तसे निवेदन करायचे असेल तर ते दोघांनी मिळून करायला हवे, आणि त्यांना ते नको आहे. मी एकटीने ते केले तर त्यांच्या वतीने बोलल्यासारखे होईल. मला लपवायचेही नाही. विचारले तर मी सांगेन. फक्त चारशे जणांना एकाच वेळी सांगायचे नाही.

जुना_उपसंपादक

मग हीच तुमची कसोटी धरा. ओळ कोणतीही लिहिली तरी लोक प्रश्न विचारणारच. तो कोणता असावा हे मात्र ओळ ठरवते. «संपला» लिहिले तर «काय संपले?» येईल. काहीच लिहिले नाही तर «ठीक आहेस ना?» येईल. ज्या प्रश्नाला तुम्ही सर्वांसमोर, एका ओळीत, खरे उत्तर देऊ शकता, तो प्रश्न ओढून आणणारी ओळ शोधा.

यासाठी माझी जुनी पद्धत अशी आहे, की फोटोत प्रत्यक्ष काय दिसते ते आधी कागदावर लिहून काढायचे, मनातले काहीही न मिसळता. तुमच्या बाबतीत खिडकी, ऊन, जमीन, बांधलेले केस, तीन खोकी, दिव्याची मान. यांतली नवी गोष्ट कोणती? केस आणि ऊन जुनेच आहेत. नवी आहे ती जागा, आणि तिची खूण म्हणजे खोकी. म्हणून ओळ खोक्यांपाशी असावी. मी दोन सुचवतो:

«सामान लावणे चालू आहे.»
«या खोलीत सकाळी ऊन येते.»

पहिल्या ओळीतली क्रिया चालू आहे. काही संपलेले नाही, काही जिंकलेले नाही, आणि उद्या खोटे ठरेल असे त्यात काही नाही. तिला येणारा प्रश्न «घर बदलले का?» असा असेल आणि त्याचे उत्तर «हो, गेल्या महिन्यात» हे खरे आहे व पुरेसे आहे. ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्याहून अधिक कळेल. दुसरी ओळ आणखी शांत आहे, कारण ती तुमच्याबद्दल बोलतच नाही, खोलीबद्दल बोलते. तिच्यात «आता» नाही याकडे लक्ष द्या. «आता या खोलीत सकाळी ऊन येते» असे केले, की आधीच्या घरात अंधार होता असा अर्थ लगेच डोकावतो.

छायाप्रकाश

आता प्रश्न नीट कळला. मग माझी आधीची सूचना उलटी करून सांगतो, की खोकी काढू नका. पण गोलात ती दिसणार नाहीत हे कायम आहे. लहान गोलात फक्त चेहरा आणि उन्हाचा पट्टा राहील. फोटो उघडून पाहणाऱ्यालाच खोकी दिसतील. म्हणजे ज्याने फोटो उघडलेला नाही, त्याला ओळ कळते की नाही हे तपासायला हवे. हाताची मूठ दुर्बिणीसारखी करून फोनवरच्या फोटोकडे पाहा, जवळपास तेवढेच दिसेल.

कोरी_पाटी

मूठ धरून पाहिले. दिव्याची मानही जाते. उरतो तो चेहरा आणि ऊन. त्या गोलाखाली «सामान लावणे चालू आहे» वाचले तर ते थोडे अधांतरी वाटते, पण कळते. «या खोलीत सकाळी ऊन येते» मात्र गोलातही जुळते, कारण ऊन गालावर दिसते आहे. तरीही मला दुसऱ्या ओळीत एक अडचण वाटते. ती कवितेची ओळ वाटते, आणि माझ्यासारखी बाई, जी वर्षभर काहीच लिहीत नाही, तिने अचानक अशी ओळ लिहिली तर लोकांना त्यामागे काहीतरी असल्याचा संशय येईल.

जुना_उपसंपादक

हे तुम्ही माझ्यापेक्षा नेमके पकडले. ओळ माणसाच्या नेहमीच्या बोलण्याहून किती वर उचलली आहे, हे वाचणारे लगेच मोजतात. जो रोज कविता टाकतो त्याला दुसरी ओळ शोभेल. तुमच्यासाठी पहिलीच ठीक, आणि तीही तुमच्या तोंडची करून. तुम्ही घरात «सामान लावणे चालू आहे» असे म्हणता का? «सामान लावतेय» असे म्हणत असाल तर तेच लिहा. शेवटी पूर्णविराम द्यावा की नाही यावर मी फार काळ घालवणार नाही, पण उद्गारचिन्ह नको. उद्गारचिन्ह आनंदाची खात्री पटवायला निघते आणि नेमकी त्या खात्रीचीच शंका आणते.

निवांत

एक व्यवहाराची गोष्ट सांगतो, ती उपयोगी पडेल. फेसबुकवर प्रोफाइल फोटो बदलला, की त्याची स्वतंत्र पोस्ट तयार होऊन ती लोकांसमोर जाते. त्या पोस्टचा प्रेक्षकवर्ग बदलून «फक्त मी» करता येतो, म्हणजे फोटो नावाशेजारी दिसतो पण घोषणा होत नाही. इन्स्टाग्रामवर प्रोफाइल फोटो बदलला तर पोस्टच होत नाही. तिथे ओळ लिहायची जागा म्हणजे परिचयाची, आणि ती 150 अक्षरांची. त्यामुळे तिथला बदल बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. फेसबुकवरचा जुना फोटो मात्र प्रोफाइल फोटोंच्या अल्बममध्ये तसाच राहतो. कोणी त्यावर आज प्रतिक्रिया दिली तर तो पुन्हा वर येऊ शकतो, याचा विचार आधी करावा.

स्पष्टवक्ती

पोस्ट «फक्त मी» करणे म्हणजे पुन्हा लपवणेच झाले. पण दोघांच्या वतीने एकटीने बोलू नये हे तुमचे कारण मला पटले आहे. त्यांना आधी कळवणार आहात का? मला वाटते कळवावे. सहा वर्षांचा फोटो उतरताना तो त्यांनी इतरांसोबत पाहू नये.

तिसरा_मजला

कळवण्याबद्दल मला शंका आहे. परवानगी मागितल्यासारखे होईल. फोटो तुमचा, नाव तुमचे.

कोरी_पाटी

काल संध्याकाळी फोटो लावला. त्याआधी त्यांना एकच निरोप पाठवला: «आज फोटो बदलते आहे, तुला इथून कळावे म्हणून.» परवानगी मागितली नाही, नुसते सांगितले. त्यांनी «बरं केलंस» असे उत्तर दिले. त्या दोन शब्दांचा अर्थ लावत मी थोडा वेळ बसले आणि मग सोडून दिले.

ओळ «सामान लावतेय» एवढीच ठेवली. पूर्णविराम नाही. पोस्ट सर्व मित्रांना दिसेल अशीच राहू दिली. आतापर्यंत एकोणीस प्रतिक्रिया आल्या आहेत. त्यांतल्या अकरा घराबद्दल आहेत, तीन जणांनी खोक्यातल्या दिव्याबद्दल विचारले, म्हणजे त्यांनी फोटो उघडून पाहिला. एका जुन्या शेजारीण काकूंनी मात्र सर्वांसमोर विचारलेच, «एकटीच? ते कुठे आहेत?» मी तिथे «काकू, फोन करते» असे लिहिले आणि खरोखरच केला. पंधरा मिनिटे बोललो. फोननंतर त्यांनी आपली प्रतिक्रिया स्वतः काढून टाकली, मी सांगितलेले नव्हते.

जुना फोटो अल्बममध्ये अजून आहे. काढावा की फक्त मला दिसेल असा करावा, हे मला ठरवता आलेले नाही. त्याखाली माझ्या आजीची प्रतिक्रिया आहे आणि आजी आता नाही.

जुना_उपसंपादक

काकूंचा प्रश्न कोणत्याही ओळीने टळला नसता. आजीच्या प्रतिक्रियेची पडद्यावरची प्रत आधी स्वतःकडे जपून ठेवा. पुढचा निर्णय सावकाश घेतला तरी चालेल.

सावकाश

दिसते तेवढेच लिहावे, हे मी काल करून पाहिले. आरशासमोर उभा राहून केस मोजले. रात्री फोटो लावला आणि खाली लिहिले, «केस दोन बोटे वाढले.» वाढले हे पूर्ण क्रियापद आहे हे मला दिसते आहे, पण दोन बोटे ही डोक्यावर आहेत आणि कोणीही मोजू शकते. पहिली प्रतिक्रिया माझ्या पुतणीची आली, तिने विचारले, की कोणाची बोटे, तुझी की माझी?